मुलीच्या पाळीचं अ‍ॅप परवानगी न मागता काय नेतं?

*माझी मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. मैत्रिणींचं बघून तिनेही पाळीच्या तारखा लिहायचं एक अ‍ॅप घेतलंय. माझे दीर म्हणाले, "वहिनी, असली अ‍ॅप्स सगळी माहिती विकतात, आधी काढून टाका." मी परवानग्या पाहिल्या, तर फक्त नोटिफिकेशनची एकच दिलेली. कॉन्टॅक्ट्स नाहीत, लोकेशन नाही, कॅमेरा नाही. प्ले स्टोअरवरही लिहिलंय की माहिती कुणाला दिली जात नाही. गोपनीयता धोरण उघडलं, पण इंग्रजीतली लांबलचक पानं बघून बंद केलं. परवानगीच नाही तर माहिती जाईल कशी? तरी शंका जात नाही. तिला न सांगता अ‍ॅप काढून टाकू का? अ‍ॅपचं नाव कळवते आहे, छापू नका.*
*— एक आई, नाशिक*

नमस्कार ताई,

परवानग्या तुम्ही नीट पाहिल्यात, आणि जे पाहिलंत ते खरंच आहे. पण त्या यादीतून एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं: फोनमध्ये आधीपासून असलेल्या कोणत्या गोष्टींना हे अ‍ॅप हात लावू शकतं? कॉन्टॅक्ट्स, फोटो, मेसेज, माइक, लोकेशन यांच्या दाराशी अँड्रॉइड उभा असतो आणि आत सोडण्याआधी तुम्हाला विचारतो. तुमची मुलगी मात्र पाळीची तारीख, पोटदुखी, चिडचीड, वजन, मनातलं काही असं स्वतःच्या बोटांनी अ‍ॅपमध्ये लिहिते. ते लिहून घ्यायला अ‍ॅपला कुठलीच परवानगी लागत नाही. बॅटरीचं किंवा टॉर्चचं अ‍ॅप असेल तर परवानग्यांची यादी बरंच काही सांगून जाते. पाळीच्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात नाजूक माहिती त्या यादीत दिसतच नाही.

मग ती बाहेर जाते कशी? इंटरनेटने. आणि इंटरनेट वापरू का, हे अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप तुम्हाला कधीच विचारत नाही. ती परवानगी अ‍ॅप बसवताना आपोआप मिळते, म्हणून सेटिंग्जमध्ये दिलेल्या परवानग्या पाहिल्या तर ती समोर येत नाही. प्ले स्टोअरवर अ‍ॅपचं पान उघडा, `About this app` वर जा, अगदी खाली `App permissions` आहे, तिथे `See more` दाबा. तिथली यादी तुम्ही पाहिलेल्या यादीपेक्षा लांब निघेल. तुम्ही कळवलेल्या अ‍ॅपची मी पाहिली. शेवटच्या `Other` या गटात दोन ओळी आहेत: `have full network access` आणि `Advertising ID Permission`.

पहिलीचा अर्थ, अ‍ॅप इंटरनेटवरून हवं तेव्हा माहिती पाठवू शकतं. ही ओळ बहुतेक सगळ्याच अ‍ॅप्समध्ये असते, त्यामुळे एवढ्याने घाबरायचं कारण नाही. दुसरी ओळ जास्त बोलकी आहे. अँड्रॉइड फोनला जाहिरातींसाठी एक लांबलचक ओळखक्रमांक दिलेला असतो आणि फोनमधल्या वेगवेगळ्या अ‍ॅप्सना तो एकच क्रमांक दिसतो. गेमच्या अ‍ॅपने आणि पाळीच्या अ‍ॅपने हा क्रमांक एकाच जाहिरात कंपनीला कळवला, तर दोन्हीकडची माहिती एकाच व्यक्तीची आहे हे त्या कंपनीला समजतं. त्यासाठी नावाची गरज पडत नाही. पाळीच्या तारखा लिहून ठेवणाऱ्या अ‍ॅपला हा क्रमांक कशाला हवा, हा प्रश्न मनात ठेवून पुढे वाचा.

हे नुसतं शक्यतेपुरतं नाही. फ्लो नावाचं पाळीचं अ‍ॅप जगभर कोट्यवधी बायका वापरतात. 2019 च्या फेब्रुवारीत वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की या अ‍ॅपमधली माहिती फेसबुककडे जाते आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली आणि जानेवारी 2021 मध्ये कंपनीविरुद्धची तक्रार आणि तडजोड जाहीर केली. आरोग्याची माहिती बाहेरच्यांना देणार नाही असं कंपनी धोरणात सांगत होती आणि त्याच वेळी ती फेसबुक, गूगल आणि इतर काही विश्लेषण कंपन्यांकडे जात होती, असा आयोगाचा आरोप होता. तडजोड म्हणजे चुकीची कबुली नव्हे, असं कंपनीने सांगितलं. पण यापुढे आरोग्याची माहिती देण्याआधी वापरणाऱ्यांची स्पष्ट संमती घ्यायची, ही अट तिला मान्य करावी लागली. याच प्रकरणातल्या दुसऱ्या एका खटल्यात ऑगस्ट 2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने फेसबुकच्या मालक कंपनीलाही, म्हणजे मेटालाही, जबाबदार धरलं.

माहिती कशी जात होती ते समजून घेतलंत, तर कुठलंही धोरण वाचणं सोपं होईल. अ‍ॅप बनवणारे सगळंच स्वतः लिहीत नाहीत. किती जण अ‍ॅप उघडतात, कुठे अडकतात, कोणत्या जाहिरातीवरून आले, हे मोजायला दुसऱ्या कंपन्यांचे तयार कोडचे तुकडे मिळतात. ते अ‍ॅपमध्ये बसवले की तुम्ही एखादं बटण दाबल्यावर त्याची छोटीशी नोंद त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते. नोंदीला नाव असतं आणि ते अ‍ॅप बनवणारा ठेवतो. फ्लोमधल्या अशा एका नोंदीचं नाव होतं `R_PREGNANCY_WEEK_CHOSEN`. बाईने अ‍ॅपमध्ये गरोदरपणाचा आठवडा निवडला की या नावाची नोंद बाहेर जायची. पाठवणाऱ्याच्या लेखी हा "अ‍ॅप कसं वापरलं जातं" याचा तपशील होता, पण वाचणाऱ्याला त्या नावातूनच ती गरोदर असल्याचं कळत होतं. हा तुकडा अ‍ॅपच्या पोटात राहून अ‍ॅपचंच इंटरनेट वापरतो, म्हणून फोन त्याच्यासाठी वेगळी परवानगी विचारत नाही.

आता प्ले स्टोअरवरच्या त्या दिलाशाकडे वळू. `Data safety` हा भाग 2022 मध्ये सुरू झाला आणि त्यातली माहिती अ‍ॅप बनवणारा स्वतः भरतो. तिथे काय लिहिलं ते खरं ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच, गूगल प्रत्येक अ‍ॅपचा दावा पडताळून पाहत नाही. शिवाय "शेअर करणं" याची तिथली व्याख्या अरुंद आहे. अ‍ॅपच्या वतीने काम करणाऱ्या सेवा कंपनीला माहिती दिली, तर ती शेअर केली असं धरलंच जात नाही. त्यामुळे `No data shared with third parties` असं लिहिलेल्या अ‍ॅपमधूनही माहिती दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जात असू शकते, आणि नियमाप्रमाणे ते खोटंही ठरत नाही.

म्हणून वरची ओळ वाचून थांबू नका. `See details` दाबा आणि `Data collected` हा भाग उघडा. प्रत्येक प्रकारच्या माहितीपुढे ती कशासाठी घेतली ते लिहिलेलं असतं. तुमच्या मुलीच्या अ‍ॅपमध्ये `Health info` समोर `App functionality` आणि `Analytics` असे दोन हेतू आहेत, आणि `Device or other IDs` समोर `Advertising or marketing` असा तिसरा. म्हणजे आरोग्याची माहिती मोजमापासाठी वापरली जाते आणि फोनचा ओळखक्रमांक जाहिरातीसाठी. दोन्ही एकत्र कुणाच्या हाती लागतात का, हे स्टोअरचं पान सांगत नाही. ते शोधायला धोरणाकडेच जावं लागतं.

धोरण पहिल्या ओळीपासून वाचू नका, कुणीच वाचत नाही. सुरुवातीचा मजकूर मुद्दाम गोड लिहिलेला असतो: तुमचा विश्वास आम्हाला मोलाचा, वगैरे. ते पान ब्राउझरमध्ये उघडा, वरच्या तीन टिंबांतून `Find in page` घ्या आणि एकेक शब्द शोधत जा. पहिला `share`, मग `partners`, `advertising`, `retain`, `delete`, आणि मुलीसाठी म्हणून `age` किंवा `children`. शब्द सापडला की त्याच्या मागचापुढचा एक परिच्छेद वाचा. इंग्रजी अडलं तर तेवढाच परिच्छेद भाषांतर करून घ्या. साधारण अर्ध्या तासात काम होतं.

मी तुमच्या मुलीच्या अ‍ॅपचं धोरण असंच वाचलं. `share` शोधल्यावर पहिलंच वाक्य मिळालं की आम्ही तुमची वैयक्तिक माहिती विकत नाही. या वाक्यावर फार विसंबू नका. पैसे घेऊन यादी हातात देणं म्हणजे विकणं. जाहिरात कंपनीच्या कोडमधून नोंदी पाठवणं, आणि बदल्यात नवे ग्राहक कुठून आले ते कळणं, याला कंपन्या विकणं म्हणत नाहीत. खाली आणखी एक वाक्य होतं, त्यात माहिती मिळणाऱ्यांचे तीन गट एका दमात सांगितले होते: सेवा देणाऱ्या कंपन्या, समूहातल्या कंपन्या आणि भागीदार. हे तिघं सारखे नसतात. सेवा देणारी कंपनी, उदाहरणार्थ ज्यांच्या सर्व्हरवर माहिती साठवली आहे ती, अ‍ॅपच्या सांगण्याप्रमाणे काम करते. समूहातली कंपनी म्हणजे त्याच मालकाचा दुसरा धंदा, आणि तो कोणताही असू शकतो. भागीदार मात्र माहिती स्वतःच्या हेतूसाठी वापरू शकतो. धोरणात भागीदारांची नावं किंवा निदान यादीची लिंक असेल, तर कंपनी बरी म्हणावी. इथे नावं नाहीत, फक्त "विपणन आणि विश्लेषण भागीदार" एवढंच आहे.

त्यांना काय मिळतं? धोरण म्हणतं, "ओळख न पटणारी माहिती, जसं की उपकरणाचा ओळखक्रमांक आणि अ‍ॅप वापरताना केलेल्या कृती". ताई, अख्ख्या धोरणातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. मघाचा जाहिरात क्रमांक आणि मघाच्या नोंदी एकत्र जात आहेत, आणि कंपनी त्याला ओळख न पटणारी माहिती म्हणते आहे. प्रत्येक नोंदीचं नाव काय ठेवलंय ते आपल्याला बाहेरून दिसत नाही. म्हणजे तुमच्या मुलीच्या तारखा जाहिरात कंपनीकडे गेल्याच, असं मी म्हणू शकत नाही. जाणार नाहीत असं वचन या धोरणात नाही, एवढं मात्र नक्की. आरोग्याची माहिती या देवघेवीतून वगळली आहे, असं एखादं धोरण स्पष्ट लिहितं. तसं वाक्य इथे शोधूनही सापडलं नाही.

वयाचा मुद्दा तुमच्यासाठी वेगळा महत्त्वाचा आहे. `age` शोधल्यावर कळलं की हे अ‍ॅप सोळा वर्षांखालच्यांसाठी नाहीच. तुमची मुलगी पंधराची, तरी तिचं खातं उघडलं गेलं. तिने जन्मसाल पुढेमागे टाकलं असण्याची शक्यता आहे, सगळीच मुलं टाकतात. त्यासाठी तिला रागावू नका. पण त्यामुळे अ‍ॅपच्या दृष्टीने ती मोठी ठरली, आणि लहान मुलांसाठी काही वेगळी काळजी ते घेत असतील तर ती तिला लागू होत नाही.

`retain` खाली, खातं चालू असेपर्यंत आणि नंतर "आवश्यक तेवढा काळ" माहिती ठेवू, असं आहे. किती ते लिहिलेलं नाही. `delete` खाली मात्र एक चांगली गोष्ट मिळाली. खातं पूर्ण काढण्याची सोय अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्येच आहे, आणि ईमेलचा पत्ताही दिलाय.

दिरांचं म्हणणं थोडं बरोबर आणि थोडं जास्त आहे. "सगळी अ‍ॅप्स" असं करत नाहीत. आणि पाळीच्या तारखांवरून कुणी तुमचं बँक खातं रिकामं करणार नाही. खरी काळजी तीन गोष्टींची आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या शरीराची माहिती जाहिरातवाल्यांकडे साठत जाते आणि मग वजन, त्वचा, मूड यांवर नेम धरून तिला जाहिराती दाखवता येतात. कंपनीचा सर्व्हर कधी फुटला तर तिचा ईमेल आणि तिच्या नोंदी एकत्र बाहेर येतात. आणि कंपनी उद्या विकली गेली तर माहितीही नव्या मालकाकडे जाते. बहुतेक धोरणांत तसं एक कलम असतं, याही धोरणात आहे.

मग काय करायचं? मला स्वतःला विचाराल, तर या वयाच्या मुलीसाठी मी हे अ‍ॅप ठेवणार नाही. पण तारखा लिहून ठेवण्याची तिची सवय मोडू देऊ नका. पाळी अनियमित झाली, फार दुखलं, तर डॉक्टर पहिला प्रश्न शेवटच्या तारखेचाच विचारतात. माहिती फक्त फोनमध्येच ठेवणारी अ‍ॅप्स आहेत. बर्लिनमधल्या एका गटाने बनवलेलं `drip` त्यातलं एक. त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे आणि खातं उघडावं लागत नाही. असं कोणतंही अ‍ॅप निवडताना साधी चाचणी घ्या: फोन विमान मोडवर टाका, अ‍ॅप उघडा, तारीख लिहा. ईमेल न मागता सगळं नीट चाललं तर बरं लक्षण. `App permissions` मध्ये `have full network access` ही ओळच नसेल तर त्याहून उत्तम, कारण ते अ‍ॅप स्वतःहून बाहेर काही पाठवूच शकत नाही. एक अडचण आधीच सांगते. माहिती फोनमध्येच असल्यामुळे फोन हरवला की तीही गेली. अधूनमधून नोंदींची फाइल काढून घ्यावी लागते. नाहीतर कपाटातली छोटी डायरी आहेच.

अ‍ॅपमध्ये आणखी कुणाचं कोड बसवलंय हे बघायचं असेल, तर एक्झोडस प्रायव्हसी या फ्रेंच संस्थेच्या `reports.exodus-privacy.eu.org` या साइटवर अ‍ॅपचं नाव टाका. अँड्रॉइड अ‍ॅप उघडून त्यात कोणत्या जाहिरात आणि विश्लेषण कंपन्यांचे तुकडे सापडले, त्याची यादी तिथे मिळते. तुकडा सापडला म्हणजे तो चालू आहेच असं नाही, आणि अहवाल जुन्या आवृत्तीचा असू शकतो, म्हणून तारीख बघा. तरी फ्लोच्या उदाहरणासारखं धोरण एक सांगतं आणि अ‍ॅप दुसरं करतं, अशी शंका आली तर सामान्य माणसाला पडताळणीसाठी एवढं सोपं साधन दुसरं मला माहीत नाही.

मुलीला हेच अ‍ॅप हवं असेल, मैत्रिणींशी त्यावरून गप्पा होत असतील, तर मधला मार्गही आहे. अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये जाहिरात आणि विश्लेषणाची संमती काढून घ्या. फोनच्या सेटिंग्जमध्ये `Ads` शोधून `Delete advertising ID` करा. नोंदी फक्त तारखांपुरत्या ठेवा. मूड, वजन, मनातलं काही तिथे नको. एवढ्याने धोका बराच कमी होतो, पण आधी गेलेली माहिती परत येत नाही.

तिला न सांगता मात्र काढू नका. ते अ‍ॅप उघडूनही बघू नका. आपल्या परवानगीशिवाय कुणी आपलं वाचू नये, हेच तर तुम्हाला तिला सांगायचं आहे. मोबाईल हातात घेऊन तिच्या शेजारी बसा, `See more` खालची ती दुसरी ओळ तिला दाखवा आणि या अ‍ॅपला हा क्रमांक कशाला लागत असेल, असं तिलाच विचारा. दहावीतली मुलगी उत्तर शोधेल, आणि मैत्रिणींनाही सांगेल. दीर काय म्हणाले ते तिच्यापुढे काढू नका. पाळीचा विषय घरभर झाला असं तिला वाटलं, तर पुढे ती तुमच्याशीही बोलणार नाही.

अ‍ॅप काढायचं ठरलं तर क्रम महत्त्वाचा आहे. नुसतं अनइन्स्टॉल केलं तर फोनमधलं अ‍ॅप जातं, सर्व्हरवरची माहिती तशीच राहते. आधी तिच्या जुन्या तारखा कागदावर उतरवून घ्या किंवा अ‍ॅपमध्ये सोय असेल तर फाइल काढा. मग अ‍ॅपच्या सेटिंग्जमधून खातं हटवा. काही अ‍ॅप्समध्ये "खातं बंद करा" आणि "माहिती हटवा" ही वेगळी बटणं असतात, तिथे दुसरं दाबायला विसरू नका. पुष्टीचा ईमेल आला की मगच अनइन्स्टॉल करा. तो आला नाही तर धोरणातल्या पत्त्यावर तिच्या नोंदणीच्या ईमेलवरूनच लिहा: खात्याचा ईमेल कोणता, सगळी माहिती हटवा, भागीदारांकडे गेलेली हटवायला त्यांनाही कळवा, आणि झालं की लेखी सांगा. खातेदार अठरा वर्षांखालील आहे हेही लिहा, त्यावर कंपन्या सहसा लवकर हालचाल करतात.

कंपनी भारतातली असेल तर 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तिला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो आणि तक्रार महिन्याभरात निकाली काढावी लागते. धोरणात `grievance` शोधलंत की तो पत्ता मिळेल. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती घेणं आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती न करणं हे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. पण त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली, म्हणजे मे 2027 च्या सुमारास. तोवर कायदा आपलं रक्षण करेल असं धरून चालू नका. हटवण्याचा ईमेल याच आठवड्यात पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा.